जुन्या पेपरांतला चोपण जमिनीचा प्रश्न: मृदाशास्त्र आणि कृषिविद्येची छोटी उत्तरं कशी बांधायची

निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर या पट्ट्यातली आपली मुलं कृषी पदवीला गेली की दोन वाटा फुटतात. काही धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडे जातात, काही कोल्हापूरला, म्हणजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कॉलेजात. पेपर दोन्हीकडे इंग्रजीत असतो. वर्गातली नोट्सची वही जाड असते, आणि दोन ते पाच गुणांच्या प्रश्नाला नेमकं किती आणि काय लिहायचं हे मात्र कुणी सांगत नाही. मग मुलं सिनियरकडून जुने पेपर आणतात, त्यातल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करतात आणि परीक्षेत तोच प्रश्न थोडा फिरवून आला की अडकतात.

अडकण्याचं कारण सोपं आहे. पेपरात प्रश्न क्वचितच जसाच्या तसा परत येतो, परत येतो तो विषय. म्हणून जुन्या पेपरातून प्रश्न उचलायचे नाहीत, विषय उचलायचा आणि एका विषयाची एकच पक्की तयारी करायची. मग प्रश्न कोणत्याही तोंडाने आला तरी त्या तयारीतला लागेल तेवढा भाग काढून द्यायचा. हे कसं करायचं ते मी क्षारपड आणि चोपण जमिनीच्या विषयावर सविस्तर दाखवतो. हा विषय मृदाशास्त्राच्या पेपरात तर असतोच, शिवाय कृष्णा आणि घटप्रभेच्या कालव्याखालच्या अथणी, रायबाग, चिकोडी भागातल्या कुणालाही तो घराच्या उंबऱ्यावर दिसतो.

पेपर गोळा करून त्यांची फोड

कॉलेजच्या ग्रंथालयातून किंवा वरच्या वर्गातल्या मुलांकडून त्याच विद्यापीठाचे, त्याच कोर्सचे पाच-सहा वर्षांचे पेपर मिळवा. धारवाड आणि राहुरी यांचे पेपर एकत्र मोजू नका. विषय बहुतेक तेच असतात, पण कुठला विषय किती वेळा येतो आणि किती गुणांना येतो हे वेगळं असतं. सरमिसळ केली की मोजणी फसवी होते.

आता एक लांब वही घ्या. प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ, आणि ओळीत चार गोष्टी: वर्ष, गुण, प्रश्नाचं क्रियापद आणि विषय. क्रियापद म्हणजे डिफाइन, एन्लिस्ट, डिफरन्शिएट, गिव्ह रीझन्स, शॉर्ट नोट, कॅल्क्युलेट यांपैकी काय ते. विषयाच्या रकान्यात प्रश्नाचे शब्द उतरवू नका. "ईएसपीची व्याख्या लिहा", "खारवट आणि चोपण जमिनीतला फरक लिहा", "चोपण जमिनीत पाणी मुरत नाही, कारणे द्या", "जिप्समवर टीप लिहा" हे चारही प्रश्न त्या रकान्यात एकाच नावाने जायला हवेत. सगळे पेपर असे उतरवून झाले की ढीगभर प्रश्नांच्या जागी मोजके विषय राहतात. मग लक्षात येतं की वेगवेगळ्या वर्षांत परीक्षकाने एकाच गोष्टीला वेगवेगळ्या बाजूंनी हात घातला आहे.

ही वही भरताना चालू अभ्यासक्रमाची प्रत शेजारी ठेवा. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अधिष्ठाता समित्या वेळोवेळी अभ्यासक्रम बदलतात. त्यामुळे जुना एखादा विषय आता दुसऱ्याच कोर्समध्ये गेलेला असतो किंवा गळालेला असतो. गळालेला विषय कितीदा आला होता याला काही किंमत नाही.

एका विषयाचं पान

विषय निवडला की त्याचं एक पान करायचं. एकच. त्यात मजकूर थोडा हवा, पण त्यातलं प्रत्येक वाक्य पेपरात गुण देणारं हवं. क्षारयुक्त जमिनीच्या पानाचा कणा हा असा:

| | खारवट (सलाइन) | क्षारयुक्त-चोपण (सलाइन-सोडिक) | चोपण (सोडिक) |
|---|---|---|---|
| ईसी (संपृक्त अर्कातली), डेसिसिमेन प्रति मीटर | ४ पेक्षा जास्त | ४ पेक्षा जास्त | ४ पेक्षा कमी |
| ईएसपी, टक्के | १५ पेक्षा कमी | १५ पेक्षा जास्त | १५ पेक्षा जास्त |
| पीएच | ८.५ पेक्षा कमी | साधारण ८.५ पेक्षा कमी | ८.५ पेक्षा जास्त |
| मातीची घडण | कणीदार, पाणी मुरतं | क्षार धुतले नाहीत तोवर बरी | विस्कटलेली, पाणी तुंबतं |
| सुधारणा | निचरा आणि क्षार धुऊन काढणं | आधी जिप्सम, मग धुणं | जिप्सम, मग धुणं |

तक्त्यातल्या पहिल्या ओळीत "संपृक्त अर्कातली" हा शब्द आहे, तो सोडायचा नाही. माती परीक्षण केंद्रातून मिळणाऱ्या अहवालात ईसी बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणात मोजलेली असते. पाणी जास्त, म्हणजे क्षार पातळ, म्हणजे आकडा लहान. रायबागकडचा एखादा मुलगा घरचा अहवाल बघून म्हणतो, "आमची ईसी दीडच आहे, म्हणजे जमीन खारवट नाही." पण ४ ची मर्यादा त्या आकड्याला लागूच होत नाही. परीक्षेत व्याख्या लिहिताना ईसी कोणत्या अर्कातली ते लिहिलं, की विषय समजलेला मुलगा आणि पाठ केलेला मुलगा यांतला फरक परीक्षकाला लगेच दिसतो.

पीएचच्या आकड्याबद्दलही सांगतो. आपल्याकडे कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लिखाणात चोपण जमिनीसाठी ८.२ ही मर्यादा दिसते आणि अमेरिकी वर्गीकरणात ८.५. दोन्हीपैकी तुमच्या वर्गात जी शिकवली तीच लिहा. दोन्ही आकडे एकाच उत्तरात घातले की ते उत्तर गोंधळल्यासारखं दिसतं.

तक्त्याखाली कारण. चोपण जमिनीत मातीच्या चिकण कणांवर सोडियम बसलेला असतो. सोडियमचा आयन एका धनभाराचा आणि पाण्याच्या जाड वेष्टनात असतो, त्यामुळे तो कणांना एकमेकांजवळ धरून ठेवू शकत नाही. पाणी लागलं की कण सुटे होतात, पोकळ्यांत जाऊन बसतात आणि त्या बुजतात. वरून पाणी दिलं तरी ते साचून राहतं, आणि वाळलं की जमीन दगडासारखी होते. खारवट जमिनीत उलट होतं. क्षार भरपूर असल्यामुळे कण गोळा होऊन राहतात आणि पाणी मुरतं, पण पिकाला ते घेता येत नाही, कारण मातीतल्या द्रावणाचा परासरणी दाब मुळांच्या आतल्या दाबापेक्षा वरचढ ठरतो. म्हणून तिथे जमीन ओली असूनही पीक सुकतं.

आणि शेवटी जिप्सम नेमकं काय करतं:

```
2Na-X + CaSO4  →  Ca-X2 + Na2SO4
```

X म्हणजे चिकण कण. कॅल्शियम कणावर बसतो, सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात येतो. पण तो पाण्यात आला म्हणजे शेतातून गेला असं नाही. निचऱ्याची वाट नसेल तर तो तिथेच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो. "जिप्सम टाकल्यावर निचरा आवश्यक आहे, का?" हा प्रश्न स्वतंत्र आला तर उत्तर या एका ओळीत आहे.

क्रियापद बघून पानातून उत्तर काढणं

पान तयार झालं की वहीतल्या क्रियापदांच्या रकान्यावरून सराव करायचा. दोन गुणांची व्याख्या असेल तर सूत्र, एकक आणि मर्यादा एवढं पुरतं: ईएसपी म्हणजे मातीच्या एकूण कॅटायन विनिमय क्षमतेपैकी किती टक्के जागा सोडियमने व्यापली आहे ते. सूत्र असं:

```
ESP = (Na / CEC) × 100
```

चोपण जमिनीत ईएसपी १५ पेक्षा जास्त असतं, हे जोडलं की उत्तर संपलं. इथे जिप्सम, निचरा, ढैंचा असलं काही लिहायचं नाही. दोन गुणांच्या प्रश्नाला पानभर लिहिणारी मुलं बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण तो वेळ त्यांनी कॅल्क्युलेशनच्या प्रश्नातून काढलेला असतो.

"फरक लिहा" आलं तर तक्ता, आणि तक्त्यात सगळ्यात आधी आकड्यांच्या ओळी. मुलं बऱ्याचदा "खारवट जमिनीत क्षार जास्त, चोपण जमिनीत सोडियम जास्त" या पहिल्याच ओळीवर थांबतात आणि पुढे तेच वेगळ्या शब्दांत फिरवतात. ईसी, ईएसपी, पीएच, घडण आणि सुधारणा या पाच ओळी आल्या की पाच गुणांचं उत्तर भरतं. खारवट जमिनीवर वाळल्यावर पांढरा थर दिसतो, आणि चोपण जमिनीत सेंद्रिय पदार्थ विरघळून पृष्ठभाग काळपट दिसतो. ही सहावी ओळ वेळ असेल तर.

"कारणे द्या" या प्रश्नात सगळ्यात जास्त घसरतात. इथे परिणाम सांगायचा नसतो, तो प्रश्नातच असतो. साखळी सांगायची असते. एक प्रश्न बघा: क्षारयुक्त-चोपण जमीन नुसत्या पाण्याने धुतली तर ती बिघडते, कारणे द्या. उत्तराची साखळी अशी: या जमिनीत विरघळलेले क्षार आणि कणांवरचा सोडियम दोन्ही आहेत. क्षार आहेत तोवर कण गोळा राहतात. धुतल्यावर क्षार निघून जातात, पण कणांवरचा सोडियम तसाच राहतो. मग कण विस्कटतात, पीएच वाढतो, पाणी मुरणं थांबतं आणि जमीन पूर्ण चोपण होते. म्हणून आधी जिप्सम. पाच-सहा वाक्यं, प्रत्येक वाक्यातून पुढचं निघतं. वाक्यांचा क्रम बदलला तर गुण जातात. म्हणून लिहून झाल्यावर दोन वाक्यांच्या मध्ये "म्हणून" घालून वाचा. तो बसत नसेल तिथे साखळीतली कडी सुटलेली आहे.

टीप लिहा म्हटलं तर सुधारणेचे उपाय येऊ द्या, पण आपल्या भागात लागू पडणारे. भूमिगत निचरा, उसाला मोजून पाणी, हिरवळीच्या खतासाठी ढैंचा. ढैंचा चोपण जमिनीतही उगवतो, तागापेक्षा जास्त सोसतो. काळ्या जमिनीत चुनखडी असेल तर गंधकही चालतं, कारण मातीतले जिवाणू गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते चुनखडीवर क्रिया करून जागेवरच जिप्सम तयार होतं. या एका वाक्याने टीप उजळते.

जिप्समचं गणित, पूर्ण

हे गणित पेपरात येतं आणि मुलं ते सोडून देतात. उदाहरण घेऊ. एका जमिनीची कॅटायन विनिमय क्षमता ४० सेंटिमोल प्रति किलो आहे, ईएसपी २० आहे. १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत ईएसपी १० वर आणायचं आहे. हेक्टरी किती जिप्सम लागेल? जिप्समची शुद्धता ८० टक्के.

आत्ताचा सोडियम ४० च्या २० टक्के, म्हणजे ८ सेंटिमोल. उरला तर चालेल तो ४० च्या १० टक्के, म्हणजे ४. काढायचा सोडियम ४ सेंटिमोल प्रति किलो. आता एक सेंटिमोलला किती जिप्सम? जिप्समचा रेणुभार १७२, समतुल्य भार ८६. म्हणून एका सेंटिमोलला किलोमागे ०.८६ ग्रॅम. हेक्टरमधल्या १५ सेंटिमीटर थराचं वजन २२.४ लाख किलो धरतात, म्हणजे एका सेंटिमोलला सुमारे १.९३ टन. चार सेंटिमोलला ७.७ टन. शुद्धता ८० टक्के असल्याने ७.७ भागिले ०.८, म्हणजे ९.६ टन.

शेवटची पायरी विसरली तर उत्तर ७.७ येतं. गुण कापले जातातच, शिवाय शेतातही वीस टक्के कमी जिप्सम पडतं. परीक्षकाला पायऱ्या दिसू द्या. एखाद्या गुणाकारात चूक झाली तरी पायरीचे गुण राहतात. आणि २२.४ लाख किलो हा आकडा कुठून घेतला ते एका शब्दात लिहा, कारण काही शिक्षक २० लाख धरून शिकवतात.

कृषिविद्येच्या पेपरात: खतमात्रेचं गणित

अ‍ॅग्रॉनॉमीच्या पेपरात असाच परत-परत येणारा विषय म्हणजे खतमात्रा. याचंही पान करायचं, पण ते छोटं असतं: युरियात ४६ टक्के नत्र, डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. स्फुरद आणि पालाश हे दोन्ही ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात.

उदाहरण: हेक्टरी १००:५०:२५ अशी शिफारस, क्षेत्र एक एकर, म्हणजे ०.४ हेक्टर. खतं डीएपी, युरिया आणि म्युरेट. अर्धं नत्र पेरणीवेळी, अर्धं नंतर. एकरी गरज नत्र ४०, स्फुरद २०, पालाश १० किलो.

आधी डीएपी काढायचं, युरिया नाही. स्फुरद २० किलोसाठी २० गुणिले १०० भागिले ४६, म्हणजे ४३.५ किलो डीएपी. या डीएपीतून नत्र मिळतं ४३.५ च्या १८ टक्के, ७.८ किलो. उरलं नत्र ३२.२ किलो, त्यासाठी युरिया ७० किलो. म्युरेट १० गुणिले १०० भागिले ६०, १६.७ किलो.

मग विभागणी. पेरणीवेळी २० किलो नत्र हवं, त्यातलं ७.८ डीएपीने दिलं. उरलं १२.२, म्हणजे युरिया २६.५ किलो. नंतरच्या हप्त्यात २० किलो नत्र, युरिया ४३.५ किलो. बेरीज ७०. ही बेरीज जुळली की उत्तर बरोबर आहे हे पेपरातच कळतं. युरिया आधी काढणारा मुलगा ४० किलो नत्रासाठी ८७ किलो युरिया लिहितो आणि १७ किलो जास्त टाकतो.

प्रश्न फिरवून येतो तेव्हा डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट दिलेलं असतं. मग त्यात नत्र नसल्यामुळे वजाबाकी लागत नाही, युरिया ८७ किलोच राहतो आणि सुपर फॉस्फेट १२५ किलो. भुईमुगाला सुपर फॉस्फेट का चांगलं, हा जोडप्रश्न असतो: त्यात गंधक आणि कॅल्शियम असतं, डीएपीत नसतं.

शिफारशीचा आकडा बहुतेक प्रश्नातच देतात. दिलेला नसेल तर आपापल्या विद्यापीठाचाच घ्यावा. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकाच पिकाची शिफारस वेगळी असू शकते. आपल्या भागात घरचे लोक दोन्हीकडचं ऐकत असतात, त्यामुळे गोंधळ होतो.

जुन्या उत्तरांतले शिळे आकडे

सिनियरच्या वहीतलं उत्तर उतरवून घेताना तीन ठिकाणी थांबा. आवश्यक अन्नद्रव्यं १६ लिहिली असतील तर निकेल धरून १७ करा. मातीच्या वर्गीकरणात दहा किंवा अकरा गण असतील तर आता ते १२ आहेत, अँडिसोल आणि जेलिसोल नंतर आले. आणि एककं तपासा. जुन्या पेपरात विनिमय क्षमता मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम आणि ईसी मिलिम्हो प्रति सेंटिमीटर अशी दिसते. आता सेंटिमोल प्रति किलो आणि डेसिसिमेन प्रति मीटर लिहितात. आकडा तोच राहतो, फक्त एकक बदलतं, त्यामुळे जुनी उदाहरणं फेकून द्यायची गरज नाही.

खानापूरकडच्या मुलांसाठी एक भर. तिथल्या जास्त पावसाच्या, लालसर जमिनी आम्लधर्मी असतात. म्हणून "स्फुरदाची उपलब्धता आम्ल आणि चुनखडीयुक्त दोन्ही जमिनींत कमी का?" या प्रश्नाचं उत्तर एकाच जिल्ह्यात दोन टोकांना बघता येतं. खानापूरला स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधला जातो, अथणीच्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमशी. पीएच ६.५ ते ७.५ च्या आसपास तो सगळ्यात मोकळा असतो. या प्रश्नाचं पान क्षारपड जमिनीच्या पानाला चिकटवून ठेवा, दोन्हीकडे पीएचची तीच पट्टी लागते.

पानं तयार झाली की वहीतल्या जुन्या प्रश्नांवर घड्याळ लावून लिहून बघा. पेपरच्या एकूण मिनिटांना एकूण गुणांनी भागा, म्हणजे एका गुणाला किती वेळ मिळतो ते कळतं. त्या वेळात न बसणारं उत्तर घ्या आणि त्यातलं क्रियापदाने न मागितलेलं वाक्य खोडा. बहुतेक वेळा ते पहिलं वाक्यच असतं, ज्यात प्रश्न नुसता परत लिहिलेला असतो.